पाच स्लाइड, ४८ आकडे आणि मागची रांग: स्लाइडवर नेमकं किती टाकायचं?

केळीचा_घड
मंडळी नमस्कार. मी जळगावला एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. येत्या गुरुवारी मला दहा मिनिटं बोलायचंय, विषय मागच्या महिन्याचं स्क्रॅप. समोर प्लांट हेड, प्रॉडक्शन, मेंटेनन्स आणि तिन्ही पाळ्यांचे सुपरवायझर, धरून वीस-बावीस लोक. मागच्या महिन्यात हेच केलं होतं तेव्हा एका स्लाइडवर आठ ओळी आणि सहा रकाने असं टेबल होतं, म्हणजे ४८ आकडे, खाली चार बुलेट, वर "स्क्रॅप विश्लेषण" असं हेडिंग आणि दोन्ही कोपऱ्यात लोगो. मी टेबल समजावून सांगत होतो आणि मागच्या रांगेतले सुपरवायझर आपसात बोलत होते. नंतर चहाच्या वेळी त्यातला एकजण म्हणाला, भाऊ आम्हाला तिथून काहीच दिसत नव्हतं, मग काय करणार. ते मनाला लागलं, कारण ज्यांनी ऐकायला हवं होतं तेच हे लोक.
आता सगळीकडे वाचतो की एका स्लाइडवर एकच मुद्दा ठेवा. पण तसं केलं तर माझ्या बारा स्लाइड होतात, आणि साहेबांनी सांगितलंय पाचच्या वर नको. आणि फॉन्ट किती ठेवू? अनुभव असलेल्यांनी सांगा.

शेवभाजी
३० चा फॉन्ट टाक भो, विषय संपला.

शेवभाजी
आणि सहा ओळी, प्रत्येक ओळीत सहा शब्द, त्याच्या वर नाही. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हेच शिकवलं होतं. बॅकग्राउंड गडद निळं, अक्षर पांढरं, डोळ्याला त्रास होत नाही.

भुसावळकर
शेवभाजी, ३० चं उत्तर चुकीचं नाही पण अर्धवट आहे. मी बरीच वर्षं ट्रेनिंगचे वर्ग घेतले, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. पॉइंट हे माप कागदावरचं आहे. पॉवरपॉइंटची स्लाइड साडेसात इंच उंच असते, म्हणजे ५४० पॉइंट. २४ चा फॉन्ट म्हणजे स्लाइडच्या उंचीचा साधारण बाविसावा भाग, बस इतकाच त्याचा अर्थ. आता ती स्लाइड दोन फूट उंच टीव्हीवर दाखवली की सहा फूट उंच पडद्यावर, त्यावर ते अक्षर केवढं दिसेल ते ठरतं, आणि शेवटची खुर्ची किती लांब आहे त्यावर ते वाचता येईल की नाही ते ठरतं. म्हणून घड भाऊ, आधी दोन मापं घेऊन या. पडद्यावर जे चित्र पडतं त्याची उंची, आणि पडद्यापासून शेवटच्या खुर्चीपर्यंतचं अंतर. पट्टी नसेल तर पावलांनी मोजा.
सहा बाय सहा बद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. सहा ओळी सहा शब्द म्हणजे ३६ शब्द झाले. लोक ते वाचतात किंवा तुमचं ऐकतात, दोन्ही एका वेळी होत नाही. आणि सहा ओळी म्हणजे सहा मुद्दे, मग त्यातला कुठला महत्त्वाचा ते समोरच्यानं ठरवायचं.

पांझरा
मी शिक्षिका आहे, धुळ्याजवळ. मला पण हाच त्रास झाला होता, केंद्राच्या शिक्षण परिषदेत. घरी रात्री बसून सुंदर मराठीत स्लाइड केल्या, पेन ड्राइव्हवर नेल्या, तिथल्या कॉम्प्युटरवर उघडल्या तर सगळी अक्षरं इंग्रजी चिन्हांची खिचडी. ४० शिक्षक समोर बसलेले आणि मी घामाघूम. फॉन्ट कोणता वापरायचा हे कुणी सांगेल का?

भुसावळकर
पांझरा ताई, तुम्ही जुन्या पद्धतीचा कृतिदेव किंवा तसलाच फॉन्ट वापरला असणार. त्यात आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त फॉन्टमुळे ती मराठी दिसतात. दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की मूळ रूप बाहेर येतं. युनिकोडमध्ये टाइप केलं की हे होत नाही, फार तर फॉन्ट बदलून दिसेल. विंडोजमध्ये निर्मला यूआय बहुतेक असतोच, मंगल मात्र नव्या विंडोजमध्ये कधी कधी वेगळा टाकावा लागतो. कोकिळा नाजूक आहे, आणि त्याच पॉइंटला मंगलपेक्षा बराच बारीक दिसतो, तो पडद्यासाठी नको. मुक्तासारखा वेगळा फॉन्ट हवाच असेल तर सेव्ह करताना फाइलमध्ये फॉन्ट एम्बेड करायचा पर्याय असतो तो लावा, आणि तिथे जाऊन एकदा उघडून बघा.
आणि मराठीत बोल्ड जपून. क्ष, द्ध, ष्ट असली जोडाक्षरं लांबून काळा ठिपका होतात. हेडिंग बोल्ड चालेल, सगळा मजकूर नको.

केळीचा_घड
मोजून आलो. चित्राची उंची ४ फूट, शेवटची खुर्ची ३० फुटांवर. हॉल लांबट आहे, पूर्वी तिथे स्टोअर होतं.

भुसावळकर
छान. ३० भागिले ४, म्हणजे शेवटचा माणूस चित्राच्या उंचीच्या साडेसात पट लांब बसतो. सहा पटीच्या पुढे गेलं की मला काळजी वाटायला लागते, तेव्हा तुमचा हॉल अवघडच आहे. आता हे घरी कसं तपासायचं ते सांगतो. लॅपटॉप १५.६ इंची असेल तर स्क्रीनची उंची साधारण साडेएकोणीस सेंटिमीटर. त्याच्या साडेसात पट म्हणजे सव्वा ते दीड मीटरच्या मधे, पावणेपाच फूट धरा. स्लाइड पूर्ण स्क्रीनवर लावा, पावणेपाच फुटांवर उभे राहा आणि वाचा. तिथून तुम्हाला जे दिसेल तेच शेवटच्या खुर्चीवरून दिसेल. फक्त तुमच्या डोळ्यांनी नको, चष्मा लागलेल्या माणसाला उभं करा, आणि ज्याला मजकूर पाठ नाही त्याला. आपल्याला पाठ असलेलं कितीही बारीक असलं तरी वाचता येतं.
आकड्यात सांगायचं तर ४ फूट म्हणजे १२२ सेंटिमीटर. त्यावर २४ चा फॉन्ट म्हणजे साधारण साडेपाच सेंटिमीटर, पण त्यात वरची वेलांटी आणि खालचा उकार यांची जागा धरलेली असते, शिरोरेघेपासून पायापर्यंतचं मूळ अक्षर निम्मंच, पावणेतीन सेंटिमीटर. ३० फुटांवरून चाळिशीच्या माणसाला ते वाचता येईल पण डोळे ताणून. तुमच्या हॉलला मी ३२ च्या खाली काही ठेवणार नाही.

शेवभाजी
म्हणजे माझं ३० जवळपास बरोबरच होतं 😄

भुसावळकर
या हॉलपुरतं जवळपास, हो.

केळीचा_घड
काका, काल रात्री करून बघितलं. आईला उभं केलं पावणेपाच फुटांवर. हेडिंग वाचलं, टेबल बघून म्हणाली, मुंग्या दिसताहेत रे. टेबलचा फॉन्ट बघितला तर ११. आणि बुलेट मी २४ ला ठेवल्या होत्या, त्या १६ झालेल्या, मी हात लावला नव्हता!

मेहरूणची_बोरं
ते ऑटोफिट आहे दादा. चौकटीत मजकूर मावेना झाला की पॉवरपॉइंट न विचारता फॉन्ट बारीक करतं. चौकटीच्या फॉरमॅटमध्ये जाऊन ऑटोफिट बंद करून टाक. मग मजकूर चौकटीबाहेर सांडतो आणि आपल्याला कळतं की जास्त झालंय. मी मूळची जळगावची, आता पुण्यात नोकरीला, आमच्याकडे मी नवीन मुलांना पहिल्या दिवशी हेच बंद करायला लावते.

तापीकाठ
मी जरा विरुद्ध बोलते. मी अकाउंट्सला आहे, आणि आमच्या मालकांसमोर एका स्लाइडवर एक वाक्य आणि एक चित्र ठेवलं तर ते पहिला प्रश्न विचारतात, बाकीचे आकडे कुठे आहेत? त्यांना वाटतं आपण काहीतरी झाकतोय. मोठी अक्षरं भाषणाला ठीक, पण हा कामाचा विषय आहे, स्क्रॅपचा. तिथे लोकांना पडताळून बघायचं असतं. एक मुद्दा एक स्लाइड केलं की तुलना तुटते, मागची स्लाइड गेली की आकडा विसरला.

मेहरूणची_बोरं
तापीकाठ ताई, तुमचं म्हणणं मला पटतं, आणि त्याला एक मोठं उदाहरण आहे. कोलंबिया यान, १ फेब्रुवारी २००३, ज्यात कल्पना चावला होत्या. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता, आणि यान वर असतानाच इंजिनिअरांनी त्याचा धोका स्लाइडवर मांडला होता. त्या स्लाइडचं हेडिंग धीर देणारं होतं, जुन्या चाचण्यांवरून काळजीचं कारण नाही असा सूर. आणि खाली, बुलेटच्या आत बुलेट, सगळ्यात शेवटी हे होतं की चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा आणि प्रत्यक्षातला अंदाजे १९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट मोठा. चौकशी मंडळाच्या अहवालात या स्लाइडवर खास टीका आहे.
आता यातून दोन अर्थ निघतात. एक म्हणजे ६४० पट हाच मुद्दा हेडिंगला हवा होता. दुसरा, आणि टीका करणाऱ्यांचा जोर यावर होता, की असला तांत्रिक विषय स्लाइडवर मांडूच नये, नीट लिहिलेला कागद द्यावा. मी स्वतः दोन्हीच्या मधे आहे.

भुसावळकर
मी पण. पडद्यावर एक मुद्दा आणि हातात ए-फोर कागदावर पूर्ण टेबल. ४८ आकडे कागदावर दहाच्या फॉन्टमध्ये आरामात वाचता येतात. तापीकाठ ताईंच्या मालकांना कागद द्यायचा, त्यांना हवं ते त्यांनी पडताळावं. कागद आधी वाटायचा की नंतर यावर मात्र आमच्यातच वाद होते. आधी दिला की लोक मान खाली घालून वाचत बसतात. मी पहिली स्लाइड झाली की वाटायचो.
घड भाऊ, आता खरं काम. ते टेबल बाजूला ठेवा आणि आईला एका वाक्यात सांगा की मे महिन्यात काय झालं. जे वाक्य तोंडातून निघेल ते इथे टाका.

केळीचा_घड
आईला सांगितलं ते असं: लाइट जाऊन आल्यावर लाइन परत चालू करताना जो खराब पाइप निघतो, तोच आमचं जवळपास निम्मं स्क्रॅप आहे.
आकडे असे, एकूण ६,२४० किलो. त्यातलं लाइट गेल्यानंतर परत चालू करतानाचं ३,०२०. भिंतीची जाडी कमीजास्त १,४१०. सॉकेट आणि छपाईचं ९८०. बाकी किरकोळ ८३०.

भुसावळकर
मग हेडिंग तयारच आहे. "स्क्रॅप विश्लेषण" हे विषयाचं नाव झालं, त्यातून काहीच कळत नाही. तिथे पूर्ण वाक्य लिहा: "निम्मं स्क्रॅप लाइट गेल्यानंतर लाइन चालू करताना निघतं." ४० ला ठेवा, दोन ओळी झाल्या तरी चालेल. खाली चार आडवे पट्टे, मोठा वर. पहिला पट्टा गडद केशरी, बाकी तिन्ही करडे. आकडा पट्ट्याच्या टोकाला, नाव पट्ट्याच्या डावीकडे. मागच्या जाळीच्या रेघा काढा, खालचा अक्ष काढा, रंगांची यादी काढा, कारण आकडा पट्ट्यावरच आहे. लोगो पहिल्या स्लाइडवर एकदा दिसला की पुरे, सगळ्यांना आपण कुठे काम करतो ते माहीत आहे.
तपासायची खूण अशी की हेडिंग झाकलं आणि नुसतं चित्र बघितलं तरी तोच मुद्दा कळायला हवा. आणि चित्रात असं काही असेल ज्याचा हेडिंगशी संबंध नाही, तर तो दुसरा मुद्दा, त्याला दुसरी स्लाइड किंवा कागद.

शेवभाजी
गडद बॅकग्राउंडचं राहिलंच की.

भुसावळकर
प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही, तो फक्त प्रकाश टाकत नाही. म्हणजे स्लाइडवरचा काळा म्हणजे पडद्याचा तेव्हा जो रंग असेल तो. आपल्याकडे कूलर लावला की खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर दमट होऊन जीव जातो. त्या खिडकीचा उजेड पडद्यावर पडला की गडद निळं फिकट राखाडी दिसतं आणि पांढरी अक्षरं त्यात विरून जातात. अंधाऱ्या हॉलमध्ये तुमचं निळं चांगलं दिसेल. दुपारी चार वाजता, कूलर चालू, तिथे पांढऱ्यावर काळं. टीव्ही असेल तर इतका फरक पडत नाही.

शेवभाजी
हे माहीत नव्हतं. आमच्या ट्रेनिंग हॉलला एसी आहे आणि पडदे ओढलेले असतात, म्हणून तिथे चाललं असेल. मानलं काका.

कळण्याची_भाकर
मन्हा अनुभव सांगस भाऊ. मी पंचवीस वर्षं एक्स्ट्रूडर चालवलं, पाइपच्याच कंपनीत. तुमच्या स्लाइडवर सुपरवायझर एक प्रश्न विचारतीलच: स्क्रॅप ग्राइंडरला जातं आणि परत वापरतो, मग नुकसान काय? याचं उत्तर तयार ठेवा. जाडीतलं स्क्रॅप दळून वापरता येतं. पण लाइट गेली की बॅरलमध्ये माल तसाच अडकतो, हीटर बंद झाले तरी लोखंड गरम असतं, स्क्रू फिरत नाही, आणि पीव्हीसी तिथेच जळतं. आधी पिवळं, मग तपकिरी, वास डोळ्यात जातो. ते परत मिसळलं तर चांगल्या पाइपात तपकिरी ठिपके येतात. म्हणून ३,०२० किलो आणि १,४१० किलो हे सारखे किलो नाहीत. हे स्लाइडवर सांगू नका, जळालेला तुकडाच घेऊन जा आणि हातात द्या.

केळीचा_घड
दादा, हे फार मोलाचं सांगितलंत. तुकडा नक्की नेतो.

मेहरूणची_बोरं
तुकडा फिरत असताना स्लाइड शो मध्ये कीबोर्डवर `B` दाब, पडदा काळा होतो. परत दाबलं की स्लाइड येते. नाहीतर लोक हातातला तुकडा सोडून पडद्याकडे बघत बसतात.

केळीचा_घड
आता असं ठरवलंय. पहिली स्लाइड पट्ट्यांची. दुसरी, "लाइट बारा मिनिटं जाते, लाइन पंचावन्न मिनिटं जाते", त्यात एका रात्रीची आडवी रेघ, १:४० ला लाइट गेली, १:५२ ला आली, २:३५ ला पहिला चांगला पाइप. मधे तुकडा फिरवायचा. तिसरी, तीन लाइनपैकी कुठल्या लाइनला जास्त. चौथी, मागणी: जनरेटरवर आधी स्क्रू आणि हीटर घ्या, बाकीचं नंतर. चारच झाल्या, बारा नाही. जाडी आणि छपाईचं सगळं कागदावर.

तापीकाठ
जाडीचं १,४१० किलो नुसतं कागदावर? त्या विभागाचा माणूस म्हणेल माझा विषय घेतलाच नाही.

केळीचा_घड
ताई, त्याच्याशी बोललो. पुढच्या महिन्याची दहा मिनिटं तो घेणार आहे.

पांझरा
युनिकोडमध्ये सगळं परत टाइप केलं, शाळेच्या कॉम्प्युटरवर उघडून बघितलं, दिसतंय 🙏 भुसावळकर काका आभार. दादा, गुरुवारी काय झालं ते कळवा.

केळीचा_घड
झालं काल. कसं झालं ते खरं खरं सांगतो.
पहिली स्लाइड लागली आणि मी काही बोलायच्या आधीच मागच्या रांगेतला रात्रपाळीचा सुपरवायझर म्हणाला, "निम्मं? एवढं?" म्हणजे वाचलं त्याने, ३० फुटांवरून. तिथेच माझा अर्धा ताण गेला. तुकडा फिरला, मेंटेनन्सच्या साहेबांनी त्याचा वास घेऊन बघितला, कुणी काही बोललं नाही थोडा वेळ.
दुसऱ्या स्लाइडवर चुकलो. हेडिंग मोठं होतं पण रेघेखालच्या वेळा १८ च्या राहिल्या, जागा पुरेना म्हणून. घरी तपासताना हेडिंगच तपासलं. मागून आवाज आला, वेळ काय लिहिलीय? मग तोंडाने सांगितलं. तीनच वेळा होत्या, रेघ पूर्ण रुंदीची केली असती तर ३२ मध्ये बसल्या असत्या.
आणि मेंटेनन्स साहेबांनी कागद वाचून पकडलं की ३,०२० मध्ये डाय बदलल्यानंतर चालू करतानाचं पण धरलंय. ते खरं निघालं. रजिस्टरला दोन्हीला एकच कोड आहे. त्यामुळे निम्मं हे वाक्य सध्या तरी मागे घ्यावं लागलं, आता पंधरा दिवस वेगळं लिहून बघायचंय आणि जनरेटरचा निर्णय त्यानंतर.

तापीकाठ
बघा, कागद होता म्हणून सापडलं. नुसत्या चार पट्ट्या असत्या तर कुणाला दिसलं असतं?

भुसावळकर
ताई, मान्य. पण मोठ्या अक्षरात "निम्मं" लिहिलं होतं म्हणून साहेबांनी कागद उघडून तो आकडा शोधला. मागच्या महिन्यात ४८ आकड्यांमध्ये हाच ३,०२० सारखा आकडा असणार, तेव्हा कुणी विचारलं होतं का?

तापीकाठ
विचारलं नव्हतं, कारण वाचताच येत नव्हतं. मुद्दा एक होता की अकरा, हा भाग वेगळा. मी अजून माझ्या मतावर आहे.

कळण्याची_भाकर
डाय बदलल्यावरचा माल जळालेला नसतो, वासावरून वेगळा कळतो. ऑपरेटरला सांगा, दोन वेगळ्या गोण्या भरा आणि गोणीवर खडूने लिहा. कोड बदलेपर्यंत तेवढं पुरेल.

केळीचा_घड
आज रात्रपाळीपासूनच सांगतो. अजून एक विचारायचं राहिलं. प्लांट हेड दक्षिणेचे आहेत, त्यांना मराठी वाचता येत नाही, सुपरवायझरना इंग्रजी जड जातं. काल हेडिंग मराठीत ठेवलं आणि साहेबांना शेजारच्याने सांगितलं. दोन्ही भाषा टाकल्या तर ३२ चा फॉन्ट बसत नाही. काय करता तुम्ही लोक?

मेहरूणची_बोरं
पडद्यावर सुपरवायझरची भाषा, साहेबांच्या हातातला कागद इंग्रजीत. ते पुढे बसतात, कागद वाचू शकतात.

भुसावळकर
मी आकडे आणि चित्र मोठं ठेवून शब्दच कमी करायचो, पण पूर्ण वाक्याचं हेडिंग मग जातं. याचं मला अजून समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही. कुणाकडे नमुना असेल तर टाका.